प्रमेय कळलंय की पाठ केलंय, हे पेपरात कसं ओळखायचं? (पायऱ्यांच्या गुणांसकट)

अनुजा_ग

बीएस्सीच्या मुलांना रिअल ॲनालिसिस शिकवते. सत्राचा पेपर काढायचाय आणि एका प्रश्नावर अडले आहे. प्रमेय नेहमीचंच: [a, b] वर कंटिन्युअस असलेलं फलन तिथे युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं. नुसतं 'सिद्ध करा' म्हटलं की निम्म्या वर्गाकडून वहीतली सिद्धता जशीच्या तशी उतरून येते. त्यातल्या कोणाला कळलीय ते मला सांगता येत नाही. म्हणून प्रश्न 12 गुणांचा करायचा विचार आहे: 8 सिद्धतेला आणि 4 समज तपासणाऱ्या उपप्रश्नांना.

वर्गात शिकवलेली सिद्धता उलट बाजूने जाते. फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही असं धरायचं. मग असा एक ε > 0 मिळतो की कुठलाही δ > 0 घेतला तरी |x − y| < δ पण |f(x) − f(y)| ≥ ε अशी x, y ची जोडी सापडते. या निगेशनला 2 गुण. δ = 1/n घेऊन xₙ आणि yₙ या सिक्वेन्स मिळवायला 1. बोल्झानो–वायरस्ट्रासने xₙ ची कन्व्हर्ज होणारी सबसिक्वेन्स काढायला 1, तिची लिमिट c ही [a, b] मध्येच आहे हे सांगायला 1, आणि त्याच निर्देशांकांची y ची सबसिक्वेन्सही c कडेच जाते याला 1. शेवटी c पाशी कंटिन्युइटी वापरून f च्या दोन्ही किमती f(c) कडे जातात, मग त्यांच्यातला फरक ε पेक्षा मोठा राहूच शकत नाही, याला 2.

वाटणी कागदावर बरी दिसते, पण चाचणीत आलेल्या दोन उत्तरांनी मला थांबवलं. उत्तर 'अ' मध्ये निगेशन असं होतं: "प्रत्येक ε आणि प्रत्येक δ साठी अशी जोडी असते." उत्तर 'ब' मध्ये: "असा एक ε आणि असा एक δ असतो की ज्यांच्यासाठी अशी जोडी असते." पुढची प्रत्येक ओळ दोघांचीही अगदी बरोबर. निगेशनचे 2 कापून दोघांना 6 द्यायचे का? मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नेमकं मांडता येत नाहीये.

रिकामा_संच

मला पायऱ्यांना गुण ही कल्पनाच मान्य नाही. पहिल्या ओळीत चूक असेल तर पुढे जे आहे ती सिद्धता नव्हे, सिद्धतेसारखा दिसणारा मजकूर आहे. पटनम स्पर्धेत प्रत्येक प्रश्न 10 गुणांचा असतो, पण मधले गुण क्वचितच मिळतात. उत्तर एकतर जवळजवळ पूर्ण असतं, नाहीतर जवळजवळ शून्य. इथेही तेच करा. दोघांनाही 2 गुण, विषय संपला.

द्वितीय_वर्ष

मॅडम, म्हणजे निगेशन आठवलं नाही तर ते सोडून थेट "δ = 1/n घेऊ" पासून लिहिलं तर 6 मिळतील का? आमच्याकडे पेपर तपासून आले की पायऱ्यांचे गुण कुठे दिले ते कळतच नाही.

आणि माझी स्वतःची अडचण. मी हेच प्रमेय कव्हरने सिद्ध केलं होतं, म्हणजे हाइने–बोरेल वापरून. 8 पैकी 2 मिळाले आणि शेजारी फक्त 'वेगळी पद्धत' एवढंच लिहिलं होतं. पद्धत वेगळी असली तर गुण जातात का?

उपपत्ती

अनुजा, तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर आहे. 'अ' आणि 'ब' या चुका दिसायला सारख्या आहेत, पण पुढच्या ओळींवर त्यांचा परिणाम अगदी वेगळा होतो. दोन्ही उत्तरं ओळीओळीने तपासून बघू.

आधी 'अ'. त्याने हवं त्यापेक्षा जास्त धरलंय: प्रत्येक ε, प्रत्येक δ. त्यातला कुठलाही एक ε धरला की सिक्वेन्स मिळतात, सबसिक्वेन्स मिळते, c मिळतो, आणि विसंगतीही खरोखर येते. मधल्या एकाही ओळीत दोष नाही. दोष थेट शेवटच्या वाक्यात आहे. त्याने खोटं ठरवलं ते 'प्रत्येक ε, प्रत्येक δ' हे विधान. म्हणजे हाती लागलं एवढंच, की कुठल्यातरी एका ε ला कुठलातरी एक δ चालतो. हे तर (0, 1) वरच्या sin(1/x) बद्दलही खरं आहे. ε = 3 घ्या, किमतींमधला फरक 2 च्या वर जातच नाही, मग कुठलाही δ चालेल. तरी ते फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. 'अ' ने खूपच दुबळी गोष्ट सिद्ध केली, पण जी केली ती नीट केली.

आता 'ब'. त्याने धरलेलं विधान मुळात खोटं नाहीच. [0, 1] वर f(x) = x घ्या, δ = 1/2, ε = 1/4, x = 0, y = 1/3. फरक 1/3 आहे, δ पेक्षा लहान आणि ε पेक्षा मोठा. जोडी मिळाली. म्हणजे इतक्या साध्या फलनासाठीही 'ब' चं गृहीतक खरं ठरतं. खऱ्या विधानातून विसंगती निघाली, तर पुढे कुठेतरी चूक झालेलीच असणार, आणि तपासणाऱ्याने ती शोधली पाहिजे. ती दुसऱ्याच पायरीत आहे: "δ = 1/n घेऊ". त्याच्याकडे δ एकच आहे, तो बदलायची मुभा त्याने धरलेल्या विधानात नाही. त्यामुळे पायरी 2 चा गुण जातो. शेवटच्या विसंगतीचाही एक जातो, कारण प्रत्येक n साठी फरक ε पेक्षा मोठा आहे हे त्याला कुठूनच मिळालेलं नाही. मधल्या तीन पायऱ्या मात्र शाबूत राहतात. [a, b] मधल्या आणि एकमेकींपासून 1/n च्या आत असलेल्या कुठल्याही दोन सिक्वेन्ससाठी त्या खऱ्याच आहेत. f च्या दोन्ही किमती f(c) कडे जातात हेही खरं आहे.

तेव्हा माझ्या हिशेबाने 'ब' ला 4. 'अ' ला निगेशनमध्ये 1 द्यावा, कारण 'जोडी असते' आणि असमानतेची दिशा हे दोन्ही त्याने बरोबर उलटवलंय. पुढचे 6 पूर्ण. एकूण 7. शेवटचं अनुमान चुकतं, पण ती पहिलीच चूक परत दिसतेय. एका चुकीचे गुण दोनदा कापू नयेत.

रिकामा_संच, पटनमचे प्रश्न आधी कोणी पाहिलेले नसतात. तिथे प्रश्न सुटला की नाही हेच मोजायचं असतं. इथे सिद्धता वर्गात शिकवलेली आहे आणि मुलाच्या डोक्यात तिचा कुठला भाग नीट बसला ते मोजायचंय. 'अ' आणि 'ब' दोघांनाही 2 देणारी पद्धत त्या दोघांमधला फरक पुसून टाकते.

रिकामा_संच

फरक आहे हे मान्य. पण 'अ' ला 7 जास्तच होतात. त्याचं शेवटचं वाक्य "म्हणून f युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे" हे चुकीचं अनुमान आहे. ती स्वतंत्र चूक आहे, कारण आपण कशाचा नकार धरला होता ते तिथे परत एकदा बघायला हवं होतं. मी 6 देईन.

आणि 'ब' च्या बाबतीत उलट बाजूनेही बोलतो. त्याने δ = 1/n घेतलं, तेही प्रत्येक n साठी. याचा अर्थ δ वाटेल तो घेता येतो हे त्याला ठाऊक आहे, फक्त वाक्य चुकीचं लिहिलं गेलं. मग 4 का?

उपपत्ती

ठाऊक असेल, किंवा पाठ असेल. कागदावरून ते कळत नाही, आणि अनुजांचा मूळ प्रश्नच तो आहे. ε कुठे एकदा ठरवला आणि δ कुठे बदलता ठेवला हे निगेशनच्या वाक्यात दिसलं नाही, तर दुसरीकडे कुठे दिसणार? पुढे कुठेतरी "हा ε n वर अवलंबून नाही" असं एक वाक्य जरी त्याने लिहिलं असतं, तरी मी पायरी 2 चा गुण दिला असता.

द्वितीय_वर्ष, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे. निगेशन न लिहिता "δ = 1/n घेऊ" म्हटलंस तर तुझं उत्तर 'ब' पेक्षाही कमजोर होईल. मधले गुण मिळतील, टोकाचे जातील. कव्हरचं रात्री लिहितो.

गणिती_मन

सिद्धतेपेक्षा समजेच्या 4 गुणांबद्दल बोलूया. सर्वांत सोपा आणि चांगला प्रश्न: "इंटरव्हल क्लोज्ड असणं सिद्धतेत कुठे वापरलं?" उत्तर: बोल्झानो–वायरस्ट्रासमध्ये. ज्याला कळलंय तो एका ओळीत लिहील.

अनुजा_ग

गणिती_मन, प्रश्न छानच आहे, मी घेणार. पण उत्तर तसं नाही. बोल्झानो–वायरस्ट्रासला सिक्वेन्स बाउंडेड असली की पुरतं. (0, 1) मधल्या कुठल्याही सिक्वेन्सलाही कन्व्हर्ज होणारी सबसिक्वेन्स असतेच. क्लोज्डपणा लागतो तो पुढच्या पायरीत, लिमिट इंटरव्हलच्या बाहेर पडू नये म्हणून.

(0, 1) वर f(x) = 1/x घेऊन बघा. xₙ = 1/(n+1) आणि yₙ = 1/(n+2). दोघांतला फरक 1/((n+1)(n+2)), म्हणजे 1/n च्या आत. f च्या किमतींमधला फरक बरोबर 1. सिद्धतेतली प्रत्येक ओळ इथे चालते, सबसिक्वेन्ससुद्धा मिळते. अडतं फक्त c = 0 पाशी, कारण तिथे f च नाही.

उलट [0, ∞) वर x² घ्या. हा इंटरव्हल क्लोज्डच आहे. xₙ = n आणि yₙ = n + 1/(2n). वर्गांमधला फरक 1 + 1/(4n²), कायम 1 च्या वर. इथे अडतं ते आधीच, बोल्झानो–वायरस्ट्रासपाशी. n ची कुठलीही सबसिक्वेन्स कन्व्हर्ज होत नाही.

ही दोन फलनं देऊन "शिकवलेली सिद्धता इथे कुठल्या ओळीवर थांबते?" असं विचारलं, तर क्लोज्ड आणि बाउंडेड यांची कामं मुलाला वेगवेगळी दिसतात की नाही ते कळेल. प्रत्येकी 1 गुण.

गणिती_मन

पण इंटरव्हल क्लोज्ड नसेल तर प्रमेय लागू होत नाही, हे तर खरंच ना? मग 'क्लोज्ड आणि बाउंडेड दोन्ही त्याच टप्प्यात लागतात' असं लिहिणाऱ्याला मी तरी गुण देईन. बरीच पुस्तकं ते दोन्ही एकाच वाक्यात उरकतात. "[a, b] मधल्या प्रत्येक सिक्वेन्सला [a, b] मध्येच कन्व्हर्ज होणारी सबसिक्वेन्स असते", इतकंच.

अनुजा_ग

असं पूर्ण वाक्य कोणी लिहिलं तर मीही देईन, त्यात 'मध्येच' आलंय. नुसतं 'बोल्झानो–वायरस्ट्रासमध्ये' असं लिहिलं तर नाही.

उपपत्ती

आता कव्हरची सिद्धता. द्वितीय_वर्ष, पद्धत वेगळी म्हणून गुण जात नाहीत, जाऊही नयेत. पण तपासणाऱ्याकडे त्या पद्धतीची वेगळी वाटणी तयार नसेल तर तो पहिल्या सिद्धतेतल्या ओळी तुझ्या उत्तरात शोधत बसतो आणि त्या सापडत नाहीत. त्यामुळे वाटणी दोन्हींची आधीच हवी.

मी अशी करेन. ε दिल्यावर प्रत्येक t पाशी असा δₜ घ्यायचा की |x − t| < δₜ असेल तर |f(x) − f(t)| < ε/2. याला 1. मग t भोवती δₜ/2 त्रिज्येचे ओपन इंटरव्हल घेऊन [a, b] झाकायचा. याला 2, त्यातला एक निव्वळ त्या 'भागिले 2' चा. त्यातून मोजके इंटरव्हल निवडता येतात, हे हाइने–बोरेल, 1. त्या मोजक्या δₜ/2 मधला सर्वांत लहान तो δ. संख्या मोजक्या आहेत म्हणून तो शून्याहून मोठा, याला 1. मग |x − y| < δ असताना x ज्या इंटरव्हलमध्ये पडतो त्याच्या केंद्रापासून y सुद्धा δₜ च्या आत आहे, याला 2. शेवटी ε/2 अधिक ε/2, 1. झाले 8.

तू 2 ने भागलं होतंस का?

द्वितीय_वर्ष

नाही सर. मी δₜ त्रिज्येचेच इंटरव्हल घेतले आणि मोजक्या δₜ मधला सर्वांत लहान δ. पुढे "x आणि y एकाच इंटरव्हलमध्ये येतात" असं लिहिलं.

उपपत्ती

मग चूक तिथेच आहे, पद्धतीत नाही. x केंद्रापासून δₜ च्या आत, y त्या x पासून δ च्या आत. म्हणजे y बद्दल एवढंच कळतं की तो केंद्रापासून 2δₜ च्या आत आहे, आणि तिथे f बद्दल तुला काहीच माहीत नाही. x इंटरव्हलच्या काठाशी असला की y सहज बाहेर पडतो. निम्मी त्रिज्या घ्यायची ती y साठी जागा राखायला.

माझ्या वाटणीने तुझा कव्हरमधला 1 जातो, y च्या पायरीचे दोन्ही जातात. बाकी 5. शेवटचा ε/2 चा गुण मी ठेवतो, कारण 'दोघं एकाच इंटरव्हलमध्ये' हे एकदा मिळालं की ती ओळ बरोबर आहे. कोणी कडक तपासणारा 4 देईल. 2 कुठल्याच हिशेबाने होत नाहीत. पुनर्तपासणी मागता येत असेल तर ओळीओळीने हे लिहून माग.

मेघना_२१

मी ट्यूटोरियल घेते. समजेच्या उरलेल्या 2 गुणांसाठी एक सुचवते. "sin हे फलन संपूर्ण ℝ वर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का? वरची सिद्धता तिथे लागू पडते का?" माझ्या गटातली बरीच मुलं लिहितात, "ℝ बाउंडेड नाही, सिद्धता चालत नाही, म्हणून sin युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही." सिद्धता न चालणं आणि निष्कर्ष खोटा असणं यात ती गल्लत करतात. |sin x − sin y| ≤ |x − y| हे त्यांना माहीत असूनही ती हे लिहितात. x² च्या प्रश्नाशेजारी हा ठेवला तर सिद्धता दोन्हीकडे एकाच ओळीवर थांबते आणि उत्तरं मात्र उलट येतात.

[0, ∞) वरचं √x सुद्धा चांगलं. त्याची डेरिव्हेटिव्ह 0 पाशी अमर्याद होते म्हणून मुलं 'नाही' म्हणतात. पण |√x − √y| ≤ √|x − y| आहे, त्यामुळे δ = ε² लगेच चालतो.

रिकामा_संच

sin चा प्रश्न आवडला. फक्त एक अडचण: हेही सगळं एकदा वर्गात झालं की पुढच्या वर्षी पाठ होऊन येईल. 1/x, x², sin, √x ही चार नावं आणि शेजारी चार उत्तरं.

उपपत्ती

म्हणूनच मी एक चुकीची सिद्धता छापून देतो. 2012 मध्ये मेहिया-रामोस, वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीच्या मुलांना सिद्धता कळली का हे तपासण्यासाठी प्रश्नांचे सात प्रकार मांडले. एखादं विधान कशाच्या आधारावर उभं आहे हे विचारणं त्यातलाच एक प्रकार, आणि माझा प्रश्न त्याच्याच जवळ जातो.

या प्रमेयासाठी मी वापरलेली चूक अशी: "xₙ बाउंडेड आहे, म्हणून तिची एक सबसिक्वेन्स c कडे जाते. yₙ सुद्धा बाउंडेड आहे, म्हणून तिची एक सबसिक्वेन्स d कडे जाते. |xₙ − yₙ| < 1/n असल्यामुळे c = d." वाचताना नजर अडखळत नाही. पण दोन सबसिक्वेन्स वेगवेगळ्या निर्देशांकांच्या असू शकतात. [0, 1] मध्ये xₙ आणि yₙ दोन्ही सम n ला 0 आणि विषम n ला 1 घ्या. दोघांतला फरक कायम 0. आता x च्या सम पदांची सबसिक्वेन्स घेतली आणि y च्या विषम पदांची, तर c = 0 आणि d = 1. बरोबर रीत म्हणजे x साठी निवडलेलेच निर्देशांक y ला लावायचे, दुसऱ्यांदा काही निवडायचं नाही.

2 गुण: चुकीची ओळ का चुकते हे उदाहरणाने किंवा कारणाने दाखवायला 1, दुरुस्तीला 1. पुढच्या वर्षी चूक दुसऱ्या ओळीत हलवता येते.

अनुजा_ग

हे मी घेतेय. म्हणजे 4 गुण असे: 1/x आणि x² चे 2, चुकीच्या सिद्धतेचे 2. मेघना, sin आणि √x ट्यूटोरियलला ठेवूया, पेपरात जागा नाही.

एक शंका राहते. "दोन्हीकडे तेच nₖ घ्यायला हवे होते" एवढंच कोणी लिहिलं, आणि तसं न घेतल्याने काय बिघडतं ते लिहिलंच नाही, तर? दुरुस्ती बरोबर आहे, पण ती वहीतून आठवलेली असू शकते.

मेघना_२१

दुरुस्तीचा 1 द्या, कारणाचा नाही. मी असंच करते.

रिकामा_संच

मी 0 देईन. दुरुस्ती तर शिकवलेल्या सिद्धतेत छापलेलीच आहे. जे पाठांतर वगळायचं म्हणून हा प्रश्न घातला, त्यालाच तुम्ही अर्धे गुण देताय. गुण द्यायचाच तर दोन्ही गुण कारणाला बांधा आणि प्रश्नातच लिहा: 'उदाहरण दिल्याशिवाय गुण नाहीत.'

उपपत्ती

उदाहरण सक्तीचं केलंत तर ज्याने कारण शब्दांत नेमकं लिहिलंय त्याचेही गुण जातील. 'उदाहरण किंवा कारण' असं लिहा. बाकी दुरुस्तीच्या त्या 1 गुणाबद्दल माझं मत मेघनासारखंच आहे, पण रिकामा_संच यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. अनुजा, पेपर तपासायला दोघं असाल तर आधी दोघांनी त्याच दहा उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासून बघा. तुमच्यात फरक पडलाच, तर तो बहुधा याच एका गुणावर पडेल.